डायक्लोरोफ्लुओरेसिनने क्लोराइड मोजताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची लॅब सातपूरला आहे, लहानशी. येणारं पाणी बहुतेक बागायतदारांचं असतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या बोअरचं, म्हणजे द्राक्षाला जाणारं पाणी. त्यात क्लोराइड किती, हा रोजचाच प्रश्न. वर्षानुवर्षं आम्ही पोटॅशियम क्रोमेट टाकून मोर पद्धतीने हे काम करत होतो. ते सोडून डायक्लोरोफ्लुओरेसिनवर आलो त्याला आता काही महिने झाले. द्राक्षाचा हंगाम आणि त्यानंतरचा उन्हाळा असं दोन्ही त्यावर काढलं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बदलाचं पहिलं कारण क्रोमेट हेच. ते षट्संयुजी क्रोमियम, विषारी आणि कर्करोगाशी जोडलेलं. रोजच्या टायट्रेशनचा कचरा त्यात भिजलेला, तो साठवायचा आणि त्याची विल्हेवाट लावायची हा एक उद्योगच होता. दुसरं कारण डोळ्यांचं. पिवळ्या पाण्यात विटकरी छटा नेमकी कधी आली, यावर दोन माणसांचं एकमत होणं कठीण. शिवाय तो रंग दिसायला थोडं जादा सिल्व्हर नायट्रेट जावंच लागतं, म्हणून ब्लँक नीट काढावा लागतो.

नवीन पद्धतीत रंगाचा खेळ निराळा आहे, आणि तो समजला की बाकीच्या सगळ्या अटी आपोआप कळतात. सिल्व्हर नायट्रेट पडू लागलं की सिल्व्हर क्लोराइडचे बारीक कण तयार होतात. पाण्यात अजून क्लोराइड शिल्लक असतं तोवर त्या कणांच्या पृष्ठभागावर क्लोराइड चिकटून बसतं, म्हणून कण ऋणभारित असतात. रंगद्रव्याचा आयनही ऋणच, त्यामुळे कण त्याला जवळ येऊ देत नाहीत. द्रव हिरवट पिवळा, चमकता दिसत राहतो. क्लोराइड संपलं आणि चांदीचा पहिला जादा थेंब पडला की पृष्ठभागावर चांदी बसते, कण धनभारित होतात आणि रंगद्रव्य झटकन त्यांना चिकटतं. चिकटताच त्याचा रंग गुलाबी होतो. म्हणजे रंग पाण्याचा बदलत नाही, कणांचा बदलतो. काझिमिर्झ फायान्सने १९२० च्या दशकात ही पद्धत आणली, म्हणून तिला फायान्सचंच नाव आहे.

आता आम्ही कसं करतो ते. ५० मिली नमुना कोनिकल फ्लास्कमध्ये, त्यात २ टक्के डेक्स्ट्रिनचं ५ मिली द्रावण, आणि ७० टक्के अल्कोहोलमधल्या ०.१ टक्के डायक्लोरोफ्लुओरेसिनचे आठ-दहा थेंब. टायट्रंट ०.०२ मोलर सिल्व्हर नायट्रेट. डेक्स्ट्रिन टाळायचं नाही. ते नसेल तर एंड पॉइंटच्या जवळ कणांच्या गुठळ्या होतात, साका तळाशी बसू लागतो आणि रंग धरायला पृष्ठभागच उरत नाही. डेक्स्ट्रिन असलं की कण सुटे राहतात आणि सगळा फ्लास्क एकदम गुलाबी झाल्यासारखा दिसतो. खारटपणा फार असेल, म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी वगैरे, तर डेक्स्ट्रिन असूनही गुठळ्या होतात. अशा वेळी नमुना डिस्टिल्ड पाण्याने विरळ करून घ्यायचा, दुसरा मार्ग नाही.

आता आम्लतेबद्दल, कारण मला या इंडिकेटरचा खरा फायदा तिथेच दिसला. साधं फ्लुओरेसिनही बाजारात मिळतं आणि स्वस्त असतं, पण त्याला पीएच साधारण ७ ते १० लागतो. त्याखाली रंगद्रव्याचे रेणू आयन व्हायला तयार नसतात, आणि आयन नाही तर चिकटणं नाही. डायक्लोरोफ्लुओरेसिन मात्र पीएच ४ पर्यंत खाली चालतं. वरची मर्यादा दोघांनाही सारखीच, १० च्या आसपास. त्यापुढे चांदीचा तपकिरी ऑक्साइड पडू लागतो आणि मोजणी बिघडते. इओसिन आणखी आम्लात चालतं हे खरं, पण क्लोराइडसाठी ते निरुपयोगी. ते कणांना इतकं घट्ट चिकटतं की एंड पॉइंटच्या आधीच रंग येतो. ब्रोमाइड, आयोडाइडसाठी ठीक.

आमच्या भागातलं बोअरचं पाणी बहुधा ७ च्या थोडं वरच असतं, म्हणजे तशी अडचण येऊ नये. अडचण आली ती ठिबकच्या पाण्याने. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात म्हणून आपल्याकडे आम्ल सोडून लाइन साफ करतात. एका बागायतदाराने बाटली दिली आणि म्हणाले, "मॅडम, पानं कडेने करपायला लागलीत, पाण्यात खार वाढलाय का तेवढं बघा." नमुना लॅटरलच्या टोकाचा होता. टायट्रेशन लावलं. द्रव पांढुरका धूसर होत गेला, सिल्व्हर नायट्रेट संपत गेलं, पण गुलाबी काही येईना. सुरुवातीपासून चमकही मंदच होती. पीएच पट्टी लावली तर ३ च्या आसपास. इथे काय झालं ते ओळखता येतं. रंगद्रव्याची ती हिरवट चमक नेहमीसारखी नसेल तर बाकी काही बघायच्या आधी पीएच बघायचा.

त्याच नमुन्याचा दुसरा भाग घेतला, त्यात चिमूट चिमूट सोडियम बायकार्बोनेट टाकत पट्टीवर ६ ते ७ च्या मध्ये आणलं, बुडबुडे निघून जाऊ दिले आणि मग टायट्रेशन केलं. स्वच्छ गुलाबी आलं. पण आकडा बोअरच्या पाण्यात नेहमी दिसतो त्यापेक्षा बराच जास्त. विचारल्यावर कळलं, आदल्या दिवशी लाइनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं होतं. म्हणजे क्लोराइड खरंच होतं, पण ते बोअरने दिलेलं नव्हतं, आम्लासोबत आलं होतं. मग बोअरच्या तोंडाशी, मोटर थोडा वेळ चालवून, नवा नमुना मागवला.

त्या नव्या नमुन्याचा हिशोब असा. सिल्व्हर नायट्रेटची ताकद वाळवलेल्या मिठाच्या द्रावणावर तपासली तेव्हा ०.०१९८ मोलर निघाली. ५० मिली नमुन्याला १७.८ मिली गेलं, ब्लँक ०.२ मिली. उरलं १७.६ मिली. १७.६ गुणिले ०.०१९८ म्हणजे ०.३४८ मिलिमोल, ५० मिलीत. लिटरला ६.९७ मिलिमोल, म्हणजे तितकेच मिलिइक्विव्हॅलंट. त्याला ३५.४५ ने गुणलं की साधारण २४७ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २५० पर्यंत चालतं, तेव्हा त्या हिशोबाने पाणी जेमतेम आत. पण सिंचनासाठी एफएओच्या मार्गदर्शकात ४ पर्यंत मिलिइक्विव्हॅलंट निर्धोक, ४ ते १० मध्ये हलका ते मध्यम त्रास आणि १० च्या वर जास्त, असे टप्पे आहेत. हे पाणी मधल्या टप्प्यात पडलं. करपणं फक्त यानेच झालं असं मी त्यांना सांगितलं नाही. खुंट कोणता आहे आणि निचरा कसा आहे हे बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आम्लता जुळवताना दोन गोष्टी आम्ही पाळतो. आम्ल घालायची वेळ आली तर नायट्रिक किंवा असेटिक, हायड्रोक्लोरिक कधीच नाही, त्याचं कारण वरच आलं आहे. आणि पीएच मीटरचा इलेक्ट्रोड टायट्रेशनच्या फ्लास्कमध्ये बुडवायचा नाही. त्याच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं दाट द्रावण असतं, ते थोडं थोडं झिरपत असतं, आणि आपण नेमकं क्लोराइडच मोजत असतो. पीएच वेगळ्या भांड्यात बघायचा, नाहीतर पट्टीवर एक थेंब ठेवायचा.

आता उजेड. नाशिकला एप्रिलमध्ये दुपारनंतर आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं, आणि हा या पद्धतीचा सर्वात कटकटीचा भाग आहे. सिल्व्हर क्लोराइड उजेडात स्वतःच काळवंडतं, कारण त्यातून धातूरूप चांदी सुटते. पण हे रंगद्रव्य कणांवर बसलं की ते काम आणखी वेगाने होतं, रंगद्रव्य उजेड शोषून कणांना देतं. परिणामी साका जांभळट करडा पडतो. आता गुलाबी शोधायचं आहे आणि समोर जांभळं आहे, तेव्हा माणूस लवकर थांबतो. वर दिलेलाच नमुना मुद्दाम खिडकीजवळ, सावकाश केला तर वाचन १६.९ मिलीवर आलं. हिशोब केला तर २३४ मिलिग्रॅम. फरक फार नाही, पण तो दरवेळी एकाच बाजूला जातो आणि किती जाईल हे उन्हावर ठरतं, ही त्यातली खरी अडचण.

फरक असा ओळखायचा: खरा एंड पॉइंट एका थेंबात येतो आणि हलवल्यावर गुलाबीच राहतो. उजेडाचा रंग हळूहळू चढतो, थेंब न टाकताही चढतो, आणि भांड्याच्या उजेडाकडच्या बाजूला जास्त दिसतो. शंका आली की ब्युरेट बंद करून अर्धा मिनिट बघत राहायचं.

आम्ही टेबल आतल्या भिंतीकडे सरकवलं, खिडकीला जाड पडदा लावला, ब्युरेट तपकिरी काचेची घेतली. पूर्ण अंधार नको, कारण मग रंगच दिसणार नाही. छताची साधी ट्यूब पुरते. इंडिकेटरही आता आम्ही सुरुवातीला टाकत नाही, अंदाजे शेवटचे दोन-तीन मिली उरले की टाकतो, म्हणजे रंगद्रव्य लागलेले कण उजेडात फार वेळ राहत नाहीत. त्यासाठी पहिलं टायट्रेशन ढोबळ करून घ्यावं लागतं, थोडा वेळ जातो. तो मला मान्य आहे. सिल्व्हर नायट्रेटची बाटलीही तपकिरी आणि कपाटातच. बोटांवर पडलेले काळे डाग मात्र तरीही आठवडाभर मिरवावे लागतात.

कुठे ही पद्धत मी वापरत नाही तेही सांगते. धरणाचं किंवा नळाचं फार कमी क्लोराइडचं पाणी असेल तर साकाच इतका थोडा होतो की रंग पसरट येतो. अशा नमुन्याला जास्त पाणी आणि विरळ टायट्रंट घेऊन निभावतं, पण मग मी दोनदा करते. बोअरला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर सल्फाइड आहे, चांदीचा काळा सल्फाइड पडून सगळं झाकोळतं. अशा नमुन्याला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून आधी ते काढावं लागतं. आणि ब्रोमाइड, आयोडाइड असेल तर तेही क्लोराइडमध्येच मोजलं जातं, हे मोर पद्धतीतही तसंच होतं.

कचऱ्याचं काम मात्र सोपं झालं. वापरलेले फ्लास्क एकाच तपकिरी बाटलीत ओततो, जादा चांदी बसावी म्हणून त्यात थोडं मीठ टाकतो, वरचं निवळ पाणी काढतो आणि तळाचा सिल्व्हर क्लोराइड साठवून ठेवतो. क्रोमियम नसल्यामुळे चांदी परत काढणारे तो घ्यायला तयार होतात.