आकडे खरे, शेरे खोटे : मातीचा रिपोर्ट 'मराठीत करून' घेतला त्याची गोष्ट

मृगाच्या तोंडावर आमच्या लातूरकडे एक माणूस गावोगाव फिरतो. बांधावर येतो, चहा घेतो आणि मातीचा रिपोर्ट इंग्रजीत असेल तर म्हणतो, "काका, फोटो काढतो, मराठीत करून व्हॉट्सॲपला टाकतो. पैसे नकोत." खरंच पैसे घेत नाही. पैसे पुढे तालुक्याच्या दुकानात जातात.

माझे सासरे त्यात सापडले. तीन एकर सोयाबीनचं रान, काळी भारी जमीन. माती एका खासगी प्रयोगशाळेत तपासली होती आणि रिपोर्ट सगळा इंग्रजीत आला. (सरकारी मृदा आरोग्य पत्रिका मराठीत मिळते, पण ती यायची वाट बघायला वेळ नव्हता.) मी तेव्हा माहेरी होते. लग्नाआधी मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतच कामाला होते. त्यामुळे परत आल्यावर तो मराठी कागद पाहिला आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच जाणवलं. पण तोवर खतं घरात येऊन पडली होती आणि निम्मी रानात गेली होती.

कागद मात्र झकास होता. वर सासऱ्यांचं नाव, गट नंबर, खाली रंगीत तक्ता. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, बोरॉन, मंगल, तांबे ही सगळी नावं अगदी बरोबर. समोरचे आकडेही मूळ रिपोर्टातलेच, एकही बदललेला नाही. मेख इथेच आहे. कुणी आकडे ताडून पाहिले तर तंतोतंत जुळतात आणि माणूस निर्धास्त होतो. फेरफार केला होता तो आकड्याशेजारच्या शेऱ्यात. शिवाय दोन रकाने गुपचूप गाळले होते. एक, एकक काय आहे त्याचा. दुसरा, कमतरता कुठल्या आकड्याखाली धरायची त्या मर्यादेचा.

लोहाचंच बघा. मूळ रिपोर्टात लोह 5.6 ppm, मर्यादा 4.5, म्हणजे पुरेसं. शेराही इंग्रजीत 'सफिशियंट' असाच. मराठी कागदावर 5.6 च्या पुढे लाल अक्षरात 'कमी'. बोरॉन 0.7 होतं, मर्यादा 0.5, तिथेही 'कमी'. गंधक 14, मर्यादा 10, तरी 'कमी'. मर्यादेचा रकाना असता तर चौथी शिकलेल्या माणसानंही ओळखलं असतं की 5.6 हे 4.5 पेक्षा जास्त आहे. म्हणून तो रकानाच ठेवला नाही. खरी कमतरता एकट्या जस्ताची होती : 0.48, मर्यादा 0.6. ती मात्र प्रामाणिकपणे लिहिली होती!

स्फुरदाची चलाखी जास्त हुशारीची. रिपोर्टात उपलब्ध स्फुरद हेक्टरी 18.4 किलो, शेरा 'मध्यम'. हा आकडा मूळ स्फुरदाचा, म्हणजे P चा. या हिशोबात 10 ते 25 किलो म्हणजे मध्यम. खताच्या गोणीवर मात्र स्फुरद P2O5 या रूपात मोजलेलं असतं, आणि P ला 2.29 ने गुणलं की P2O5 मिळतं. त्या मापात मध्यम म्हणजे साधारण 23 ते 57. या पठ्ठ्यानं 18.4 घेतले P चे आणि लावले P2O5 च्या पट्टीला. 23 पेक्षा कमी, म्हणून शेरा 'कमी'. मी फोनवर विचारलं तेव्हा त्यानं हेच उत्तर तोंडावर फेकलं, "ताई, 23 च्या खाली आहे की!" खरा हिशोब केला तर 18.4 गुणिले 2.29 म्हणजे 42, आणि 42 मध्यमच. हे सांगितल्यावर त्यानं रेंज नसल्याचं कारण देऊन फोन ठेवला.

आता मात्रा. मूळ रिपोर्टात सोयाबीनला नत्र 38, स्फुरद 60, पालाश 23 आणि झिंक सल्फेट 25 किलो, सगळं kg/ha, म्हणजे दर हेक्टरी. मराठी कागदावर हेच आकडे 'एकरी' म्हणून उतरले. हेक्टर म्हणजे अडीच एकर, त्यामुळे एका शब्दानं खत अडीचपट झालं.

आमच्या तीन एकरांचा, म्हणजे 1.2 हेक्टरचा सरळ हिशोब असा. स्फुरद लागतं 72 किलो. डीएपीत ते 46 टक्के असतं, म्हणजे 156 किलो डीएपी, पन्नास किलोच्या तीन गोण्या आणि वर थोडं. त्या डीएपीतूनच 28 किलो नत्र मिळतं. एकूण नत्र हवं साधारण 46 किलो. उरलेल्या 18 ला युरियाची पंचेचाळीस किलोची एक गोणीही पुरून उरते. पालाशाला 60 टक्क्यांच्या पोटॅशची एक गोणी. झिंक सल्फेट 30 किलो. संपलं.

दुकानातून आलं ते असं : डीएपी आठ गोण्या, युरिया दोन, पोटॅश तीन, झिंक सल्फेट 75 किलो. त्याशिवाय लोह-बोरॉनचं एक किट, दाणेदार गंधक, आणि 'जमीन सुधारक' नावाच्या काळ्या द्रवाच्या बादल्या. सगळं मिळून 28 हजारांच्या घरात. खरी गरज होती 8-9 हजारांची. पोटॅशच्या तीन गोण्यांचा तर मला सगळ्यात जास्त राग आला, कारण रिपोर्टात पालाश 426 किलो, म्हणजे भरपूर होता. म्हणून तर शिफारस मुळातच कमी दिली होती.

त्या बादल्यांचं कारण होतं सामू. आमचा सामू 8.1. कागदावर त्यापुढे लिहिलं होतं, 'जमीन खारवट, तातडीने सुधारणा आवश्यक'. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत असा सामू घरोघरी सापडेल. खारवटपणा सामूवरून ठरतच नाही, तो क्षारतेच्या आकड्यावरून ठरतो. तो आमचा 0.32 होता, एकच्या आत म्हणजे बिनधोक. सामू 8.5 च्या वर गेला आणि मातीत सोडियम वाढला असेल तर जमीन चोपण होते. तेव्हा जिप्समचा विचार करतात, तोही सल्ला घेऊन. बादलीभर द्रव ओतून चुनखडीच्या रानाचा सामू खाली येत नाही.

मी हे सगळं समजावल्यावर सासरे म्हणाले, "अगं, जास्त पडलं तर वाया थोडंच जातंय, रानातच राहील की." बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण आमच्या रानात कमी होतं ते जस्त, आणि स्फुरदाचा डोस फार झाला की पिकाला जस्त घेणं आणखी जड जातं. सोयाबीनला नत्र जास्त झालं तर मुळावरच्या गाठी नीट धरत नाहीत, झाड नुसतं पाल्यावर जातं. म्हटलं, "मामा, आपण पैसे देऊन दुखणं आणलंय." मग राहिलेल्या गोण्यांना हात लावायचा नाही असं ठरलं.

एकर आणि हेक्टरची गल्लत घाईत कुणाकडूनही होऊ शकते, ती मी एक वेळ सोडून दिली असती. शिवाय डीएपी-युरियावर दुकानदाराला फारसं सुटतही नाही. पण रिपोर्टात पुरेसे असलेले नेमके तीन घटक 'कमी' होतात आणि त्याच तिघांचा माल त्या एकाच दुकानात फळीवर तयार असतो, याला चूक म्हणायला मी तयार नाही. मंगल आणि तांबे बरोबर 'पुरेसे' लिहिले होते. त्यांचा वेगळा माल त्याच्याकडे नव्हता.

पैशांचं काय झालं तेही सांगते. अनुदानाच्या खतांची पावती ई-पॉस मशीनमधून निघते, कारण आधारवर अंगठा लागतो. ती आमच्याकडे होती. किट, गंधक आणि बादल्यांची मात्र हाताने लिहिलेली चिठ्ठी, तीवर ना दुकानाचा शिक्का ना बॅच नंबर. आम्ही मूळ रिपोर्ट, मराठी कागद आणि पावत्या घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. तिथून विचारणा झाल्यावर दुकानदारानं न फोडलेल्या डीएपी-पोटॅशच्या गोण्या परत घेतल्या. बाकीच्या मालाबद्दल म्हणाला, "हा माझ्याकडचा कशावरून?" चिठ्ठीवर काहीच नसल्यानं आमची बाजू लंगडी पडली. फिरत्या माणसानं तर व्हॉट्सॲपवरचा कागदच दोन्हीकडून उडवला होता. नशीब, सासऱ्यांनी तो मुलीला पुढे पाठवला होता, तिच्या फोनमध्ये तो शाबूत होता.

तुम्हाला कुणी असा मराठी कागद दिला तर आधी त्यावर एकक आणि मर्यादा असे दोन रकाने आहेत का बघा. नसतील तर तो कागद बाजूला ठेवा. मूळ रिपोर्टात खतांच्या आणि अन्नद्रव्यांच्या आकड्यांमागे kg/ha किंवा ppm असं एकक लिहिलेलं असतं. खताच्या मात्रेमागे ha दिसलं तर त्या आकड्याला अडीचने भागलं की एकरी मात्रा मिळते. फोटो स्वतः काढा. कागद उन्हात सपाट ठेवून चारही कोपरे आणि तळाच्या बारीक अक्षरांच्या टिपा त्यात येऊ द्या, बोट कडेवर नको. दशांशाचा टिंब धूसर फोटोत हमखास उडतो, 1.9 चे 19 होतात, म्हणून कागदाशी ताडून मगच पाठवा. आणि पाठवायचा तर ज्याच्या घरी खताचं दुकान नाही अशा माणसाला : सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर गावातली कृषीला शिकणारी पोरंपोरी. रिपोर्टावर प्रयोगशाळेचा फोन नंबरही असतो. तिथे फोन करून "लोहाचा शेरा काय आहे?" एवढं विचारलं तरी सांगतात, आम्ही तेव्हा सांगायचो.

दुकानात जे घ्याल त्याचं पक्कं बिल घ्या, त्यावर नाव, बॅच नंबर आणि गोण्यांची संख्या हवी. जस्त घेताना पिशवीवरचे टक्के वाचा. झिंक सल्फेट 21 टक्क्यांचं आणि 33 टक्क्यांचं असं दोन्ही मिळतं. शिफारस 21 ची आणि माल 33 चा असेल तर मात्रा कमी लागते, दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.