पावसाळा वाडीत की डोंबिवलीत? आजोबांना नातीची चिठ्ठी

आजोबा,

परवा फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "आता माका खंय जावचा नाय." बाबा काही बोलले नाहीत, म्हणून मी लिहितेय. गावी राहायचं हे ठरलंच आहे. मार्चमध्ये नोकरी सुटली, ट्रंका गेल्या, डोंबिवलीतल्या तुमच्या कॉटवर आता माझी पुस्तकं आहेत. प्रश्न फक्त पावसाळ्याचा उरलाय. बारमाही वाडीत राहायचं, की जूनमध्ये इथे यायचं आणि गणपतीला परत जायचं? दोन्हीकडचं जसं दिसतंय तसं लिहिते.

आधी घर, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय आणि या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे. घर बंद राहिलं की पावसाळ्यात त्याचं काय होतं ते आपण दोन वर्षांपूर्वी बघितलं. माकडांनी माजघरावरचं एक कौल सरकवलं होतं, फक्त एक. घरात कोणी असतं तर पहिल्याच रात्री थेंबाचा आवाज आला असता. खाली टोप ठेवला असता, आणि उघडीप मिळाली की आतूनच काठीने कौल वर ढकलून जागेवर बसवलं असतं. कोणी नव्हतं, त्यामुळे ते पाणी तीन महिने एकाच वाशावर पडत राहिलं. गणपतीला गेलो तेव्हा तुम्ही वाशात कोयत्याचं टोक खुपसलंत आणि ते लोण्यात जावं तसं आत गेलं. भिंतीवर खालून वर गेलेल्या मातीच्या रेघा होत्या. बोटाने फोडल्या तर आत वाळवी चालूच होती. चूल पेटत नव्हती, धूर नव्हता, दारं-खिडक्या बंद, सगळीकडे ओल. वाळवीला आणखी काय लागतं?

तेव्हा घराच्या बाजूने बघितलं तर बारमाही राहणंच बरं. एक अट मात्र आहे. आतून कौल सरकवणं वेगळं आणि शिडी लावून छपरावर चढणं वेगळं. शेवाळलेल्या कौलांवर ७१ व्या वर्षी तुम्ही चढणार नाही. कौलं परतून घ्यायची ती मे महिन्यात, माणूस लावून.

तुम्ही ८२ चा दाखला देता. गिरणीचा संप झाला आणि तो अख्खा पावसाळा तुम्ही वाडीतच काढलात. बरोबर, पण तेव्हा तुम्ही २७ वर्षांचे होता, घरात पणजी होती, गोठ्यात गुरं होती आणि शेजारच्या तिन्ही घरांत माणसं होती. आज त्यातल्या दोन घरांना कुलूप असतं आणि तिसऱ्यात काकी एकट्या असतात.

आता आजीचं. तिच्या गुडघ्यांबद्दल आपण रोज बोलतो, इन्सुलिनबद्दल कोणी बोलत नाही. पावसात वीज गेली तर कधी तासाभरात येते, कधी झाड तारेवर पडलं तर दोन-दोन दिवस येत नाही. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे बाहेर चालते, म्हणजे तिची फार काळजी नाही. काळजी फ्रिजमधल्या न उघडलेल्या बाटल्यांची आहे. त्या बाहेरच्या गरमीत राहिल्या की त्यांचेही तेच चार आठवडे सुरू होतात. म्हणून वाडीत तीन महिन्यांचा साठा करायचा नाही. एक चालू, एक राखीव, बास. राखीव बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून पाण्याच्या मडक्याशेजारी, ओल्या फडक्यात. बर्फाला चिकटवून कधीच नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. बाटलीसोबतच्या कागदावरचे दिवस वेगळे असतील तर ते धरायचे. डोंबिवलीत यातलं काहीच करावं लागत नाही, औषधाचं दुकान जिन्याखालीच आहे.

रात्रीबेरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर? वाडीपासून कणकवली १४ किलोमीटर. उन्हाळ्यात ते अंतर काहीच वाटत नाही. पावसात मधल्या वहाळावर पाणी चढलं की ते उतरेपर्यंत थांबावं लागतं. वीज बराच वेळ आली नाही की टॉवरची बॅटरीही उतरते, मग १०८ ला फोन तरी कसा लावणार? मोठं काही निघालं तर शेवटी गोव्याला बांबोळीला न्यावं लागतं, म्हणजे कणकवलीहून आणखी शंभरेक किलोमीटर. या एका गोष्टीत डोंबिवली सरळ पुढे आहे.

प्रवासाचं गणित मात्र उलटं आहे. पावसाळ्यात इथे आलात तर गणपतीच्या गर्दीत जाणं आलंच. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १२ तारखेच्या गाडीसाठी मला १४ जुलैला सकाळी आठच्या आधी मोबाईल घेऊन बसावं लागेल आणि तरी वेटिंगच मिळेल, हे मला आत्ताच माहीत आहे. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत तुम्हाला ७५ पर्यंत अर्धं तिकीट, आजीलाही अर्धं, पण घाटातून रात्रभर बसून जायचं आजीच्या गुडघ्यांनी? वाडीतच राहिलात तर ही सगळी धावपळ आमची, तुम्ही फक्त माटवी बांधायची.

आणि डोंबिवलीचं खोटं कौतुक मी करणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाऊस लागला की तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसता आणि दर तासाला विचारता, "गावाक किती पडलो आसात?"

आता माझं मत. ते घराकडे बघून नाही, इन्सुलिनकडे बघूनही नाही, ते संडासावरून ठरलंय. हसू नका. मागच्या दारापासून संडासापर्यंत वीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. मधे चिऱ्याची पायवाट आहे आणि जुलैत तिच्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढतं. आजी रात्री दोनदा उठते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छत्री, मग आधाराला हात कुठून आणायचा? त्यात पायवाटेकडेच्या पाचोळ्यात फुरसं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

म्हणून यंदा जूनच्या मध्यावर इकडे या आणि गणपतीला जा. घर मात्र बंद ठेवायचं नाही. काकींकडे चावी द्या, त्यांनी आठवड्यातून दोनदा दार उघडून चूल पेटवावी, तासभर धूर होऊ द्यावा आणि वर मान करून माजघराच्या वाशांवरून नजर फिरवावी. त्याचे पैसे त्या घेणार नाहीत, पण आपण द्यायचेच. दिवाळीनंतर गवंडी बोलवा आणि मागच्या पडवीला लागून संडास-बाथरूम बांधून घ्या. उंबरा नको, भिंतीला धरायला दांडा हवा, लादी खडबडीत हवी. ते झालं की पुढच्या पावसाळ्यापासून बारमाही राहा, मी बाबांशी भांडेन.

कौलं परतायला माणूस मात्र या आठवड्यातच सांगून ठेवा, मेच्या शेवटी कोणी मिळत नाही. आणि ही चिठ्ठी आजीला वाचून दाखवा. उत्तर तिचं कळवा, तुमचं मला माहीत आहे.

तुमची,
धाकटी