परदेशातलं बिल: कसं भरायचं, दर कुठला लागतो आणि भाषांतर कशाचं करायचं

परदेशात उपचार झाले, खिशातून पैसे भरले आणि आता ते विमा कंपनीकडून किंवा आरोग्य योजनेकडून परत मिळवायचे आहेत, अशा वेळी सगळं लक्ष ‘क्लेम मंजूर होईल का’ याकडे असतं. पण मंजूर झालेल्या क्लेममध्येही बरीच रक्कम गळते. ती दोन ठिकाणी गळते: चलनाच्या रूपांतरात आणि भाषांतरात. दोन्हींचे निर्णय हॉस्पिटलमध्ये असतानाच घ्यायचे असतात, घरी आल्यावर नाही.

बिल भरण्याआधी पॉलिसीत एक ओळ शोधा: परकीय चलनाचं रूपांतर कुठल्या तारखेच्या आणि कुणाच्या दराने होणार. तारखा साधारण तीन प्रकारच्या असतात. काही ठिकाणी उपचाराची किंवा डिस्चार्जची तारीख धरतात, काही ठिकाणी तुम्ही पैसे भरले ती तारीख आणि काही ठिकाणी क्लेम मंजूर झाला ती तारीख. जपानच्या सार्वजनिक आरोग्य विम्यात परदेशातल्या उपचारांची परतफेड मंजुरीच्या दिवशीच्या विक्री दराने होते. म्हणजे कागद अपुरे पडून क्लेम लांबला तर दरही बदलतो.

एक उदाहरण मांडून पाहू. बिल ४,२०० युरोचं आहे. हिशेब सोपा जावा म्हणून दर गृहीत धरले आहेत: डिस्चार्जच्या दिवशी एक युरो म्हणजे आपल्या चलनातले १००, बिल भरलं त्या दिवशी १०३ आणि दोन महिन्यांनी क्लेम मंजूर झाला तेव्हा ९९. पैसे कार्डाने भरले.

कार्ड मशीन अशा वेळी बहुतेकदा विचारतं: रक्कम युरोत घ्यायची की तुमच्या चलनात? आपल्या चलनातला आकडा समोर दिसतो म्हणून लोक तोच निवडतात. पण तो दर मशीनमागची सेवा ठरवते आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. इथे तो ५ टक्के धरू. युरो निवडला तर कार्ड कंपनीचा दर लागतो आणि वर बँकेचं परकीय व्यवहार शुल्क. ते २ टक्के धरू. म्हणजे युरोत भरल्यास खात्यातून ४,४१,२५२ गेले आणि आपल्या चलनात भरल्यास ४,५४,२३०. मिळणारी रक्कम मात्र बिलावरच्या युरोंवर ठरते, त्यामुळे फरक असा पडतो:

| दराची तारीख | मिळणारी रक्कम | युरोत भरल्यास तूट | आपल्या चलनात भरल्यास तूट |
|---|---|---|---|
| डिस्चार्ज | ४,२०,००० | २१,२५२ | ३४,२३० |
| पैसे भरले तो दिवस | ४,३२,६०० | ८,६५२ | २१,६३० |
| मंजुरी | ४,१५,८०० | २५,४५२ | ३८,४३० |

दर उलट दिशेने गेला असता तर पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत फायदाही झाला असता. पण शेवटच्या दोन रकान्यांमधला फरक कुठल्याही तारखेला तेवढाच राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मशीनवर नेहमी बिलाचंच चलन निवडा. काही आरोग्य योजना कार्डाच्या स्टेटमेंटवरची प्रत्यक्ष रक्कम मानतात, पण तिथेही मशीनचा वाढीव दर मान्य होईल हे गृहीत धरू नका.

पैसे भरल्याच्या तारखेचा दर धरणारी पॉलिसी असेल तर तूट जवळजवळ कार्डाच्या शुल्काएवढीच उरते. तिथे क्लेम उशिरा गेला तरी दराचा धोका नाही. मंजुरीच्या तारखेचा दर असेल तर क्लेम पहिल्याच फेरीत पूर्ण जायला हवा, आणि त्यासाठी भाषांतर नीट लागतं. डिस्चार्जची तारीख धरत असतील आणि बिल आठवड्यांनी येणार असेल, तर आधी अंतरिम बिल मागून लवकर भरता येतं का ते विचारा.

एक गोष्ट सहसा निसटते: अनामत रक्कम. हॉस्पिटल दाखल करताना समजा ५,००० युरो घेतं आणि शेवटी ८०० परत करतं. भरलेले पैसे एका दराने गेले, परत आलेले दुसऱ्या दराने. अशा वेळी दोन्ही व्यवहारांच्या पावत्या जोडा आणि अंतिम बिलावर ‘अनामत वजा’ असा उल्लेख करून घ्या, नाहीतर बिल आणि पावती जुळत नाही म्हणून फाइल परत येते. विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देत असेल तर हा सगळा ताप टळतो. तशी सोय असेल तर आधी तीच घ्या.

आता भाषांतर. सगळ्या फाइलचं प्रमाणित भाषांतर करून घेणं हा सर्वांत महागडा पर्याय आणि बहुतेकदा अनावश्यक. क्लेम तपासणारा माणूस मुख्यतः चार कागद वाचतो: डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, औषधांची चिठ्ठी आणि पैसे भरल्याची पावती. रक्ततपासणीचे तक्ते, नर्सिंगच्या नोंदी आणि संमतीपत्रं मूळ भाषेत जोडली तरी सहसा चालतं.

या चार कागदांसाठी तीन मार्ग आहेत. पहिला, हॉस्पिटलकडूनच इंग्रजीत समरी मागणं. मोठ्या हॉस्पिटलांत परदेशी रुग्णांचा विभाग असतो; डिस्चार्जच्या आधी मागितली तर ती डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह मिळू शकते. हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण निदान लिहिणाऱ्यानेच ते लिहिलेलं असतं. दुसरा, स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून भाषांतर. काही योजना हे मान्य करतात, फक्त भाषांतरकाराचं नाव, पत्ता आणि सही मागतात. पावतीसाठी ते पुरेसं आहे. तिसरा, प्रमाणित भाषांतरकार. मोठी शस्त्रक्रिया असेल किंवा आधीपासूनच्या आजारावरून वाद होण्याची शक्यता असेल तर निदानाच्या कागदासाठी इथे पैसे खर्च करावेत. भाषांतराचा खर्च परत मिळतो का, हे आधी लेखी विचारा.

वैद्यकीय भाषा न जाणणारा भाषांतरकार नेमका कुठे चुकतो याचं उदाहरण जर्मनीत मिळतं. तिथे बाह्यरुग्ण निदानाच्या कोडपुढे एक अक्षर असतं: जी म्हणजे निश्चित, व्ही म्हणजे संशय, झेड म्हणजे पूर्वी होऊन गेलेलं, ए म्हणजे तपासून वगळलेलं. छातीत दुखलं म्हणून गेलेल्या माणसाच्या कागदावर हृदयविकाराच्या झटक्याचा कोड आणि पुढे ए असेल, तर झटका आलेला नाही. भाषांतरात ते अक्षर गळलं की कंपनीच्या नोंदीत त्या माणसाला हृदयविकार लागतो, आणि पुढच्या पॉलिसीपर्यंत तो पाठ सोडत नाही.

आकड्यांचंही तसंच. युरोपातल्या बऱ्याच देशांत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे १.२५०,०० म्हणजे साडेबाराशे. थायलंडच्या कागदांवर बौद्ध सन असतो, त्यात २५६८ म्हणजे २०२५. भाषांतरात तारखा महिना अक्षरी लिहून घ्या. औषधांच्या ब्रँडसोबत मूळ औषधाचं नावही लिहून घ्या, कारण तपासणाऱ्याला परदेशी ब्रँड ओळखता येत नाही आणि तो ओळच नामंजूर करतो.

मंजुरीचं पत्र आलं की आधी त्यात वापरलेला दर आणि त्याची तारीख पाहा. पत्रात नसेल तर लेखी मागा. पॉलिसीतल्या तारखेला त्यात नमूद केलेल्या बँकेचा किंवा संस्थेचा दर काय होता ते तपासा, युरोच्या आकड्याने गुणा, आणि फरक निघाला तर तो गुणाकार पत्रात मांडून फेरतपासणी मागा. सुट्टीच्या दिवशी दर जाहीर होत नाही. तेव्हा आधीचा दर धरायचा की नंतरचा, हेही पॉलिसीतच पाहावं लागतं.