उत्तरेच्या दहा फुटांत न मावणारी बाग

अलिबागजवळचा एकमजली बंगला. जमिनीपासून पॅरापेटपर्यंत उंची साधारण 7 मीटर, उत्तरेची भिंत 12 मीटर लांब आणि ती आणि कंपाउंड यांच्यात मंजूर नकाशाप्रमाणे 3 मीटर, म्हणजे जेमतेम दहा फूट जागा. बागवाल्याने या पट्ट्याचं रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं चित्र, आणलं : गच्चीच्याही वर गेलेले सहा पाम, त्यांच्याखाली वृक्षनेचे, मग लाल हेलिकोनिया, पायाशी दाट हिरवळ, भिंतीवर बोगनवेल, मधून चिऱ्याची पाऊलवाट. मालकाने चित्र बघून अर्धी रक्कम उचल दिली. लागवड झाली तेव्हा जागेवर आले गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे सहा पाम आणि लाल मातीत विखुरलेली रोपं. तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘रेंडर फक्त कल्पनेसाठी असतं.’ कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात तेच छापलेलं होतं.

हा गंडा त्या चित्रातच ओळखता आला असता. त्याला झाडांचं ज्ञानही फारसं लागत नाही, आधी फरशी मोजायची. पाऊलवाटेतले चिरे कोटेशनमध्ये 2 फूट बाय 2 फूट लिहिले होते. रेंडरमध्ये भिंतीपासून कंपाउंडपर्यंत आडवे मोजले, तर एक चिरा वाटेचा आणि दोन्ही बाजूंना मिळून तसेच सात चिरे मावतील एवढी माती. म्हणजे आठ चिरे, 16 फूट. दहा फुटांची जागा चित्रात सोळा फुटांची झाली होती. असं दोन प्रकारे होतं. कॅमेरा फार रुंद लेन्सचा ठेवला (फुलफ्रेमच्या हिशेबात 18-20 मिमी) की चिंचोळी जागा ऐसपैस भासते, पण त्यात चिऱ्यांची संख्या बदलत नाही. इथे संख्याच बदलली होती. म्हणजे लेन्सचा दोष नव्हे, मॉडेलमध्ये कंपाउंडची भिंत उचलून मागे सरकवलेली. हे चुकून क्वचितच होतं.

दुसरी मोजपट्टी म्हणजे दार. आपल्याकडे दाराची चौकट 7 फुटांची असते. चित्राच्या प्रिंटवर दार 3 सेंमी भरलं आणि त्याच भिंतीलगतच्या पामाचं खोड 9 सेंमी, तर खोड 21 फुटांचं. फक्त दाराच्या जवळपास, त्याच अंतरावरच्या झाडालाच हे लावायचं. कॅमेऱ्याजवळचं झाड कसंही मोठं दिसतं.

आता 21 फूट खोडाचा पाम कुठला? कोटेशनमध्ये लिहिलं होतं ‘बॉटल पाम, 6 नग, 4 फूट’. आपल्या नर्सऱ्यांमध्ये बॉटल पाम या एका नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. एक रॉयल पाम, Roystonea regia, जो बऱ्यापैकी वेगाने वाढून 15 मीटरच्या पुढे जातो. दुसरा खरा बॉटल पाम, Hyophorbe lagenicaulis, बुडाशी बाटलीसारखा फुगलेला, अतिशय मंद वाढणारा आणि बुटका. चित्रात पहिला, बिलात दुसरा, नाव एकच. म्हणून वनस्पतिशास्त्रीय नाव लिहून घ्यायचं, त्यावर तडजोड नाही.

त्यातला ‘4 फूट’ हा शब्दही निसरडा. पामाची उंची जमिनीपासून उभ्या पानाच्या टोकापर्यंत मोजली की 4 फूट, आणि बॅगच्या बुडापासून मोजली तर त्यात बॅगचाच एक फूट. खोड मात्र वीतभर. पामासाठी ‘मोकळ्या खोडाची उंची’ लिहिलेली हवी, म्हणजे मातीपासून सर्वांत खालच्या पानाच्या देठापर्यंत. सोबत बॅगचं माप आणि बुंध्याचा घेर.

बरं, समजा त्याने खरोखर मोठे रॉयल पाम आणले असते, तरी ते तिथे मावले नसते. त्याची झावळी 3 ते 4 मीटर लांब. 3 मीटरच्या पट्ट्यात मधोमध लावला तरी दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरच मिळतो, म्हणजे झावळ्या एकीकडे खिडकीच्या ग्रिलला घासणार आणि दुसरीकडे शेजाऱ्याकडे जाणार. सुकलेली झावळी वजनदार असते आणि आपोआप गळते, खाली कोण उभं आहे ते बघत नाही.

मग उन्हाचा प्रश्न, जो रेंडरमध्ये सर्वांत सहज झाकता येतो, कारण तिथे सूर्य माउसने फिरवतात. अलिबाग साधारण 18.6 अंश उत्तरेला आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य 48 अंशांवर, म्हणजे 7 मीटर उंच घराची सावली उत्तरेला 6.3 मीटर पडते. हिशेब केला तर साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा अख्खा पट्टा भर दुपारी सावलीत असतो. बोगनवेलीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तिथे ती पानांनी माजते, फुलं देत नाही. चित्रात मात्र उत्तरेच्या भिंतीवर लख्ख ऊन आणि राणी रंगाचा सडा. रेंडर करणाऱ्याला ठिकाण, तारीख आणि वेळ टाकून सूर्य लावायला सांगा, आणि डिसेंबर व मे, दोन्हीची दृश्यं मागा. वृक्षनेचे तर आणखी गंमत. ते ओल्या, थंड डोंगरी सावलीचे, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात आणि मेच्या कोरड्या झळांत त्यांची पानं करपतात. रेडीमेड मॉडेलच्या साठ्यात ते छान मिळतात, एवढीच त्यांची तिथली पात्रता.

खरा पैसा मात्र नगांत गेला. वाट वजा जाता पट्ट्यात सुमारे 29 चौरस मीटर माती उरते. निम्मी खालच्या थराला धरली, रोपं 25 सेंमी अंतरावर, तर चौरस मीटरला 16, म्हणजे साडेचौदा चौरस मीटरला सुमारे 230. उरलेल्या निम्म्यात हेलिकोनिया 60 सेंमीवर, तर चाळीसच्या आसपास. कोटेशनमध्ये होते ग्राऊंड कव्हर 60 आणि हेलिकोनिया 12. चित्रातली गच्च हिरवळ एवढ्या रोपांत पहिल्या वर्षी शक्यच नव्हती. तोवर पावसाळ्यात मोकळी माती वाहून जाते आणि तणाला रान मोकळं.

त्याच पट्ट्यात काय चालेल हेही सांगायला हवं. उंच थराला पोफळ. अलिबागच्या वाड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, खोड सडपातळ, माथा रॉयल पामाच्या तुलनेत आटोपशीर, दोन झाडांत 2.7 मीटर, म्हणजे 12 मीटरच्या भिंतीला चार. चार-पाच फुटांच्या थराला पट्टेदार पानांची अल्पिनिया किंवा राफिस पाम, दोन्ही सावली सोसतात. पायाशी साधे नेचे, फूटभर अंतरावर. याचं रेंडर मागताना दोन चित्रं मागायची : लागवडीच्या दिवशीचं आणि तिसऱ्या वर्षीचं. पहिल्या चित्रात माती दिसली पाहिजे, पोफळ दाराच्या खाली राहिली पाहिजे. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि तोच क्रमांक लागवडीच्या नकाशात व कोटेशनमध्ये. करारात एक ओळ : ‘पहिल्या दिवसाचं रेंडर हे बिलाचा भाग आहे, नग, मोकळं खोड आणि बॅगचं माप मोजून मगच उरलेली रक्कम.’ आणि उचल देण्याआधी नर्सरीत जाऊन पाम बघायचे, आवडलेल्यांना आपल्या हाताने रंगीत दोरी बांधायची, गाडी आली की तीच दोरी शोधायची.