रुग्णाची हकीकत घेताना डॉक्टरने आधी मोकळा प्रश्न विचारावा की प्रश्नांची ठरलेली यादी?

कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर उलट्यांची तक्रार सांगतो. यादीने सुरुवात केली, की किती उलट्या, जेवणानंतर का, रंग कोणता हे पटकन कळतं. पण व्यवसायाचा प्रश्न शेवटी येतो आणि तोवर डोक्यात 'अन्नातून विषबाधा' पक्की बसते.

"भाऊ, कवापासून बरं नाही? पहिल्यापासून सांगा," असं विचारून मध्ये न तोडता ऐकलं, तर फवारणीचा विषय बहुधा तोच काढतो. मग कीटकनाशकाच्या विषबाधेच्या शंकेने लाळ, घाम, धूसर दिसणं आणि फवारलेल्या औषधाचा डबा विचारायचा. यात बोलणं भरकटतं, हे खरं.

सरावाच्या परीक्षेत मोकळा प्रश्न आधी, यादी नंतर. रुग्णाला धाप असेल तर उपचार सुरू करत मोजके थेट प्रश्न, बाकी नातेवाइकांना.