आधी व्हिडिओ की आधी गणित? कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या युनिटसाठी दोन क्रम

फ्लिप्ड पद्धतीने संख्याशास्त्र शिकवायचं ठरलं की पहिला वाद व्हिडिओ कुठल्या सॉफ्टवेअरवर करायचा याचा होतो. खरा प्रश्न तो नसतो. व्हिडिओ, वर्गातलं गणित आणि छोटी क्विझ या तिन्ही गोष्टी दोन्ही आराखड्यांत असतात, फरक फक्त क्रमाचा. कॉन्फिडन्स इंटरव्हलचं युनिट मी दोन्ही क्रमांनी घेतलं आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो.

पहिला क्रम बहुतेकांना माहीत असतो. घरी व्हिडिओ, तास सुरू होताच तीन प्रश्नांची क्विझ, मग उरलेला वेळ गणितं. दुसऱ्या क्रमात मुलं वर्गात काहीही न शिकवता एका प्रश्नाला भिडतात, त्या रात्री व्हिडिओ बघतात आणि क्विझ पुढच्या तासाच्या सुरुवातीला होते.

| | व्हिडिओ आधी | गणित आधी |
|---|---|---|
| सूत्र वापरायची सफाई | लवकर येते | थोडी उशिरा |
| इंटरव्हलचा अर्थ | बहुधा पाठ होतो | बहुधा समजतो |
| व्हिडिओ न बघता आलेला मुलगा | त्या दिवशी अडतो | त्या दिवशी अडत नाही |
| शिक्षकाची तयारी | व्हिडिओत जाते | प्रश्न रचण्यात जाते |

तक्त्यातली तिसरी ओळ सगळ्यात महाग पडते. व्हिडिओ-आधी या क्रमात निम्मा वर्ग न बघता येतो, शिक्षकाला दया येते आणि तो फळ्यावर व्हिडिओचाच सारांश सांगतो. ज्यांनी बघितला होता ती मुलं त्याच दिवशी शहाणी होतात आणि पुढच्या वेळी तीही बघत नाहीत. तीन आठवड्यांत आपण पुन्हा व्याख्यानावर आलेलो असतो, व्हिडिओ करायची मेहनत वर. हे होतंय का, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. क्विझमध्ये व्हिडिओतल्याच उदाहरणातला एखादा आकडा विचारायचा, जो पुस्तकात कुठेच नाही. बाकी दोन प्रश्न बरोबर आणि हा चूक, असं वर्गभर दिसलं तर व्हिडिओ कोणी बघत नाही.

लांबी हेही एक कारण असतं. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वाधिक टिकून बघितले जात असल्याचं दिसलं. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग म्हणजे व्याख्यानच, फक्त शंका विचारायची सोय काढून घेतलेलं.

आता गणित-आधीचा तास प्रत्यक्ष कसा जातो ते सांगतो. चाळीस मुलांचा वर्ग धरू. शंभर आकड्यांची एक यादी करायची, 00 ते 99 असे क्रमांक दिलेली. स्प्रेडशीटच्या पहिल्या शंभर ओळींत हे सूत्र टाकलं की सरासरी 50 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन जवळजवळ 10 अशी यादी तयार होते:

```
=ROUND(NORM.INV((ROW()-0.5)/100,50,10),0)
```

आकडे उलटसुलट करून यादीचा कागद वाटायचा. प्रत्येक मुलगा `RANDBETWEEN(0,99)` ने 25 क्रमांक काढतो, त्या क्रमांकांचेच आकडे उतरवतो आणि त्यांची सरासरी फळ्यावरच्या रेषेवर ठिपक्याने मांडतो. स्टँडर्ड डेव्हिएशन 10 आहे एवढं मी सांगून टाकतो. खरी सरासरी सांगत नाही, आणि पूर्ण यादीची बेरीज करायची नाही असा नियम. मग चार-चारच्या गटांना प्रश्न: तुमच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडाल, म्हणजे वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पट्टीत खरी सरासरी सापडेल, पण पट्टी उगाच रुंद होणार नाही?

उत्तरं मजेशीर येतात. एखादा गट हमखास ±10 म्हणतो, कारण आकडा समोरच आहे. एखादा धाडसी गट ±1. मग मी 50 जाहीर करतो आणि आपण मोजतो. ±10 मध्ये सगळे चाळीस बसतात, पण ती पट्टी काही सांगत नाही. ±1 मध्ये साधारण पंधराच. वर्ग स्वतःच ±3, ±4 अशी घासाघीस सुरू करतो. ±4 च्या आसपास एक-दोनच ठिपके बाहेर राहतात, आणि तास तिथेच थांबवायचा. सूत्र सांगायची जीभ वळवळते, पण सांगायचं नाही.

रात्रीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ फळ्याच्या त्याच फोटोपासून सुरू होतो. 10 भागिले 25 चं वर्गमूळ म्हणजे 2, त्याला 1.96 ने गुणलं की 3.92. मुलांनी चाचपडत गाठलेल्या आकड्याला आता नाव मिळतं.

इथे मी एकदा सपशेल फसलो होतो. क्रमांकांऐवजी पिशवीत शंभर चिठ्ठ्या ठेवल्या आणि प्रत्येकाला एकदम 25 काढायला लावल्या. चाळीसपैकी एकही पट्टी चुकली नाही. शंभरातून 25 परत न टाकता काढल्या की सरासऱ्यांचा पसारा आक्रसतो, 2 ऐवजी 1.74 होतो, आणि ±3.92 ची पट्टी 95 ऐवजी जवळपास 98 टक्के वेळा बरोबर येते. प्रत्येक आकडा पुन्हा निवडला जायची मुभा हवी, म्हणून RANDBETWEEN. अर्थात नीट केलं तरी चाळीसच्या चाळीस बरोबर येण्याची शक्यता साधारण 13 टक्के असतेच, त्यामुळे एका दिवसाच्या निकालावरून यादीला दोष देऊ नये.

दुसऱ्या दिवशीच्या क्विझमधला कळीचा प्रश्न असा: एकाचा इंटरव्हल 44.08 ते 51.92 आला. 95 टक्के म्हणजे काय? एक पर्याय म्हणतो, यादीतले 95 टक्के आकडे या दरम्यान आहेत. दुसरा म्हणतो, खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता 95 टक्के. तिसरा म्हणतो, याच रीतीने नमुने घेत राहिलो तर सुमारे 95 टक्के इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडेल. पहिला खोडायला यादीच पुरे, त्या पट्टीत तीसही आकडे नसतात. दुसऱ्यावर खरी झुंज होते. बरोबर आहे तो तिसरा. व्हिडिओ आधी दाखवलेल्या वर्गात तो निवडणारेही पुष्कळ असतात, पण ‘का’ विचारलं की व्हिडिओतलं वाक्य परत येतं. गणित-आधीच्या वर्गात मुलं फळ्यावरच्या चाळीस ठिपक्यांकडे बोट दाखवतात. शिक्षण-संशोधक मनू कपूर यांचे व्हेरियन्सच्या संकल्पनेवरचे प्रयोग हेच सांगतात: आधी स्वतः झगडलेली मुलं संकल्पनेत पुढे जातात आणि आकडेमोडीत मागे पडत नाहीत.

या प्रश्नाचं बरोबर उत्तर 30 ते 70 टक्के मुलांनी दिलं तर मी उत्तर सांगत नाही, शेजाऱ्याला पटवायला लावतो आणि पुन्हा मत घेतो. त्याखाली असेल तर चूक माझ्या आदल्या तासाची.

म्हणून पूर्ण युनिट एकाच क्रमाने घेऊ नका. नमुन्यांच्या सरासऱ्या कशा विखुरतात आणि इंटरव्हलचा अर्थ काय, हे दोन तास गणित-आधी. स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत नसताना `t` चा तक्ता कसा वाचायचा, प्रमाणाचा इंटरव्हल, हव्या त्या अचूकतेसाठी नमुना किती मोठा, हे व्हिडिओ-आधी. तिथे शोधून काढण्यासारखं फारसं नसतं, हात बसायला हवा असतो. वर्गात पंधराच मुलं असतील तर प्रत्येकाला तीन-तीन नमुने काढायला लावा, नाहीतर फळ्यावर ठिपके इतके विरळ पडतात की कोणाला काही दिसत नाही. आणि तासांची इतकी ओढाताण असेल की गणित-आधी एकदाच जमेल, तर तो तास इंटरव्हलच्या अर्थालाच द्या. सरासऱ्यांचा पसारा फळ्यावर आपोआप येतोच.