बारा मुलाखती आणि एक टक्केवारी: सांख्यिकीय की विश्लेषणात्मक सामान्यीकरण?

गुणात्मक प्रबंधाच्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं. समजा, विद्यार्थिनीने एका तालुक्यातल्या १२ आशा सेविकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. नोंदवहीत कोणतं काम चढतं आणि कोणतं राहून जातं, हा तिचा विषय. निष्कर्षात ती लिहिते: "७५ टक्के आशा सेविका मोबदला नसलेल्या कामाची नोंद ठेवत नाहीत." प्रत्यक्षात बारापैकी नऊजणी तसं म्हणाल्या. व्हायवाला पहिला प्रश्न येतो, "बाराच का?" आणि ती गडबडते, कारण टक्का लिहून तिने स्वतःच सर्वेक्षणाचा दावा केलेला असतो.

हा दावा आधी सांख्यिकीय बाजूने तपासू. सांख्यिकीय सामान्यीकरण म्हणजे नमुन्यावरून समष्टीबद्दल बोलणं. त्याचा सगळा भार नमुना कसा निवडला यावर असतो. तालुक्यातल्या सगळ्या आशांची यादी हवी आणि तिच्यातून प्रत्येकीला निवडलं जाण्याची ठरावीक शक्यता हवी. इथे बाराही जणी गटप्रवर्तकांनी बोलावलेल्या, म्हणजे बोलक्या, कामात पुढे असलेल्या आणि त्या दिवशी मोकळ्या असलेल्या. तरी क्षणभर धरू की चिठ्ठ्या टाकून निवड झाली होती. मग बारापैकी नऊ या निकालाचं ९५ टक्क्यांचं विश्वासांतर साधारण ४७ ते ९१ टक्के येतं. म्हणजे तालुक्यात निम्म्याहून कमी जणी असं करत असतील किंवा जवळजवळ सगळ्याच करत असतील, दोन्ही शक्यता उरतात. हे छापण्यात कुणाचाच फायदा नाही.

दुसरी वाट विश्लेषणात्मक सामान्यीकरणाची. रॉबर्ट यिन यांनी केस स्टडीवरच्या १९८४च्या पुस्तकात या दोन्हींतला फरक ठळकपणे मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की केस ही नमुन्यातली एक व्यक्ती नव्हे, ती प्रयोगासारखी असते. प्रयोगशाळेत एक प्रयोग केला म्हणून कुणी "तुमचा नमुना एकाचाच" म्हणत नाही. कोणतं स्पष्टीकरण तपासलं आणि ते टिकलं का, एवढंच विचारतात. इथे निष्कर्ष समष्टीकडे जात नाही, सिद्धान्ताकडे जातो.

हे बोलायला सोपं आहे, म्हणूनच त्याचा गैरवापरही फार होतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांचं काम पाहिलं की खरी मेहनत कुठे असते ते कळतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या जोडातली रबरी कडी थंडीत नीट बसली नाही, हे तांत्रिक कारण. आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत काही अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता. त्यावरून लोकांना पटलेली गोष्ट अशी: वेळापत्रकाच्या दबावाखाली व्यवस्थापकांनी जाणूनबुजून नियम मोडले.

वॉन यांची सुरुवातही याच अंदाजाने झाली. पण कागदपत्रं खोलात वाचल्यावर उलट चित्र दिसलं. कडी झिजल्याची खूण १९८१च्या दुसऱ्याच उड्डाणात दिसली होती. नंतरही ती अधूनमधून दिसत राहिली. दरवेळी विश्लेषण झालं, नियमांप्रमाणे कागद पुढे गेले आणि "हा धोका स्वीकारार्ह" असा शेरा पडला. यान सुखरूप परतलं की तोच शेरा पुढच्या निर्णयाचा पाया व्हायचा. नियम मोडले गेले नाहीत, स्वीकारार्ह कशाला म्हणायचं ती रेषाच हळूहळू सरकली. १९९६च्या पुस्तकात त्यांनी याला विचलनाचं सामान्य होऊन जाणं म्हटलं.

केस एकच, पण दाव्यासोबत अटीही आहेत: तंत्र अनिश्चित, इशारे सुटेसुटे आणि पुसट, शिवाय काम पुढे रेटण्याचा दबाव. दावा कुठे लागू नाही, तेही त्यातूनच निघतं. जिथे अधिकाऱ्यांना धोका स्पष्ट दिसत होता आणि त्यांनी तो लपवला, तिथे हे स्पष्टीकरण बाद. ती सरळ फसवणूक.

१ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया कोसळलं. त्यात कल्पना चावलाही होत्या. टाकीवरून फोमचे तुकडे सुटणं आधीच्या उड्डाणांतही झालं होतं आणि ती देखभालीची बाब समजली जाऊ लागली होती. चौकशी मंडळासमोर वॉन यांची साक्ष झाली आणि अहवालात त्यांच्या मांडणीचा ठसा दिसतो. मात्र इथे मी थोडा हात आखडता घेईन. दोन्ही अपघात नासाचेच. दुसऱ्याने एवढं दाखवलं की त्याच संस्थेत तीच यंत्रणा पुन्हा चालू शकते. रुग्णालयात किंवा रेल्वेतही ती चालते का, हे तिथे जाऊनच पाहावं लागतं.

आता आशांकडे परत. त्यांच्या मोबदल्याचा बराच भाग कामनिहाय असतो. मुलाखतींतून निघणारी यंत्रणा अशी मांडता येईल: ज्या नोंदीवर पैसे ठरतात ती वेळेवर भरली जाते, आणि बाळंतिणीची समजूत काढण्यासारखं काम कागदावर येतच नाही. पण याला स्पर्धक स्पष्टीकरण आहे. कदाचित पैशाचा संबंधच नसेल, बैठकीत जे विचारलं जातं तेवढंच लिहिलं जात असेल. मग जिथे दोन्ही स्पष्टीकरणांचे अंदाज वेगळे पडतात तिथे जायचं. उपकेंद्रातली पगारी आरोग्यसेविका ही तशी जागा. तिचं उत्पन्न नोंदींवर ठरत नाही, पण आढावा तिचाही होतो. तिच्याही वहीत तेच काम गायब असेल, तर मोबदल्याचं स्पष्टीकरण कच्चं ठरतं आणि देखरेखीचं पुढे येतं. अशा चार आरोग्यसेविकांच्या मुलाखती आणखी वीस आशांपेक्षा जास्त कामाच्या. ज्या तीन आशा वेगळं बोलल्या त्यांनाही "२५ टक्के" म्हणून बाजूला सारायचं नाही. त्या बिनमोबदल्याची कामं का लिहितात, हे प्रबंधातलं सर्वांत मोलाचं प्रकरण होऊ शकतं.

म्हणून निष्कर्षाचं वाक्य मी असं लिहीन: "या बाराजणींच्या कथनांत मोबदला आणि नोंद यांचा संबंध असा घडताना दिसतो. कामनिहाय मोबदला आहे पण बिनमोबदल्याच्या कामांची चौकशी कुणी करत नाही, अशा ठिकाणी तो अपेक्षित आहे. तिघींच्या बाबतीत तो दिसला नाही, कारण..." आणि ते कारण पुराव्यासह. "बहुतेक आशा", "सर्वसाधारणपणे" हे शब्द काढून टाकायचे, ते चोरपावलांनी आलेले टक्केच आहेत. "बारापैकी नऊ" लिहायला हरकत नाही, कारण वाचकाला पुराव्याचं वजन त्यातून कळतं.

तुमच्या प्रश्नात "किती" असेल, म्हणजे आरोग्य अधिकाऱ्याला तालुक्यातलं प्रमाण हवं असेल, तर मुलाखतींवर ताण देऊ नका. तालुक्यात २०० आशा असतील तर पाच टक्के चूकमर्यादेसाठी सुमारे १३२ जणींची यादृच्छिक निवड लागेल, आणि निवडलेल्या जवळपास सगळ्या भेटायला हव्यात. "का" आणि "कसं" विचारत असाल तर १२ पुरू शकतात. वेळ असेल तर आधी मुलाखती, मग सर्वेक्षण हा क्रम ठेवा. "तुम्ही नोंद ठेवता का?" या प्रश्नाला १३२ जणी "हो" म्हणतील. कोणत्या कामाची, हे नाव घेऊन विचारायला मुलाखतीच शिकवतात.